मान-केंडॉल कसोटी व सेन उतार

दीर्घ पर्जन्यमालेतील एकदिश कल तपासण्याची व मोजण्याची क्रमाधारित पद्धत. उल्हास खोऱ्यातील उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर परिसराची वार्षिक पावसाची ५० वर्षांची माला घेतल्यास वर्षांच्या १,२२५ जोड्या होतात. नंतरच्या वर्षी पाऊस जास्त असल्यास +१, कमी असल्यास −१, सारखा असल्यास ०. यांची बेरीज म्हणजे S. त्यामुळे २००५ च्या जुलैसारख्या अतिवृष्टीचे वर्षही एका जोडीत एकच गुण मिळवते. सर्व जोड्यांतील प्रतिवर्ष बदलांचा मध्यक म्हणजे सेन उतार. शोधनिबंधात कालखंड, गाळलेली वर्षे, S, p-मूल्य आणि विश्वासमर्यादांसह उतार (मिमी प्रतिवर्ष) द्यावा. लगतच्या वर्षांत धन सहसंबंध असल्यास p फसवे लहान येते. पाऊस आधी वाढून मग घटला असेल, तर S शून्याजवळ येऊन बदल लपतो. म्हणून आलेखही जोडावा.