‘आम्ही तुम्हाला कव्हर केले आहे’: इंग्रजी जाहिरातीची पोस्ट मराठीत आणताना नेमकं कुठे बिनसतं?

दिवाळीच्या महिनाभर आधी फेसबुक, इन्स्टाग्रामवर फराळाच्या जाहिराती सुरू होतात. पोस्ट आधी इंग्रजीत लिहिली जाते आणि मग कुणीतरी तिचं मराठी करतं. शब्द सगळे बरोबर असतात, पण वाचताना दुकानदार बोलतोय असं न वाटता सरकारी परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं.

असं का होतं, ते एका नमुना पोस्टवरून पाहू. मूळ इंग्रजी पोस्ट अशी आहे असं समजा:

‘टू बिझी टू कुक धिस दिवाळी? वी हॅव गॉट यू कव्हर्ड! अवर हँडमेड फराळ बॉक्स ब्रिंग्ज द टेस्ट ऑफ होम टू युअर डोअरस्टेप. अप टू ट्वेंटी पर्सेंट ऑफ ऑन प्री-ऑर्डर्स. हरी, लिमिटेड स्लॉट्स! टॅग अ फ्रेंड हू नीड्स धिस.’

आणि हे तिचं शब्दाला शब्द ठेवून केलेलं मराठी:

‘या दिवाळीत स्वयंपाक करण्यासाठी खूप व्यस्त आहात? आम्ही तुम्हाला कव्हर केले आहे! आमचा हस्तनिर्मित फराळ बॉक्स घराची चव तुमच्या दारात आणतो. पूर्व-मागणीवर २० टक्के सूट. त्वरा करा, मर्यादित स्लॉट! अशा मित्राला टॅग करा ज्याला याची गरज आहे.’

आधी विचारायचं: हे वाक्य करतंय काय?

जाहिरातीतलं प्रत्येक वाक्य काहीतरी काम करत असतं. कुठलं धीर देतं, कुठलं घाई करायला लावतं, कुठलं हसवतं. भाषांतर करताना त्या वाक्याचं काम ओळखायचं आणि तेच काम मराठीत कोणतं वाक्य करतं ते शोधायचं. जाहिरात क्षेत्रात याला ‘ट्रान्सक्रिएशन’ म्हणतात.

पहिल्याच प्रश्नाचं काम आहे सहानुभूती दाखवणं. पण ‘स्वयंपाक करायला वेळ नाही?’ हे मराठीत वाचून पाहा. तो चक्क टोमणा वाटतो! फराळ घरीच व्हायला हवा ही अपेक्षा अनेक घरांत आजही असते आणि विकतचा आणताना काहींना थोडं अपराधी वाटतं. नेमक्या त्याच जागी हे वाक्य बोट ठेवतं. शिवाय फराळाला कुणी ‘स्वयंपाक’ म्हणत नाही. ‘व्यस्त’ हा शब्द ‘बिझी’ या अर्थाने हिंदीतून आलाय. मराठीत तो आपल्याला शाळेतल्या ‘व्यस्त प्रमाणा’मुळे ठाऊक असतो.

त्याऐवजी ‘चकलीची भाजणी दळून आणायचीच राहिली?’ असं विचारलं तर? ऐन दिवाळीत गिरणीत जायचं राहून गेलेल्या कुणालाही हे आपलं वाटेल आणि दोष कुणालाच लागणार नाही.

पुढचं ‘वी हॅव गॉट यू कव्हर्ड’ म्हणजे ‘काळजी करू नका, आम्ही बघतो’. यासाठी मराठीत तयार बोली आहे: ‘राहू द्या, फराळाचं आमच्याकडे लागलं!’

तू, तुम्ही की आपण?

इंग्रजीत एकच ‘यू’ असतो. मराठीत निवड करावी लागते आणि पोस्टचा निम्मा सूर तिथेच ठरतो. ‘आपण’ लिहिलं की निमंत्रणपत्रिकेचा थाट येतो. ‘तू’ कॉलेजच्या मुलांसाठी असलेल्या ब्रँडला शोभतं, पण त्यात आणखी एक अडचण आहे. ‘दमलास?’ लिहायचं की ‘दमलीस?’ वाचणारा मुलगा आहे की मुलगी, हे आधीच ठरवावं लागतं. ‘तुम्ही दमलात?’ मात्र दोघांनाही चालतं. फराळ मागवणाऱ्यांत सगळ्या वयाचे लोक असतात, म्हणून इथे ‘तुम्ही’च योग्य. एकदा ठरलं की शेवटपर्यंत तेच ठेवायचं.

हाच नियम शब्दांच्या शेवटांना लागू होतो. ‘केले आहे’ ही लेखी भाषा, ‘केलंय’ ही बोलण्यातली. पोस्ट बोलण्याच्या सुरात असेल तर सगळीकडे अनुस्वाराची रूपं हवीत. एका ओळीत ‘केलेलं’ आणि पुढच्या ओळीत ‘केलेले’ आलं की दोन वेगळी माणसं बोलतायत असं वाटतं.

‘अशा मित्राला, ज्याला...’

‘फ्रेंड हू नीड्स धिस’ सारखी रचना इंग्रजीत नामाच्या मागून येते. ती तशीच उचलली की ‘अशा मित्राला टॅग करा ज्याला याची गरज आहे’ असं लांबलचक वाक्य तयार होतं. मराठीत हे काम ‘-णारा, -णारी, -णारं’ ही रूपं करतात आणि ती नामाच्या आधी येतात. म्हणून ‘दरवर्षी “यंदा सगळं घरीच करणार” म्हणणारं कुणी ओळखीचं आहे ना? त्यांना टॅग करा!’ इथे ‘म्हणणारं कुणी’मुळे मित्र की मैत्रीण हा प्रश्नही सुटतो.

आणि ‘टॅग’, ‘ऑर्डर’, ‘बुकिंग’ हे शब्द खुशाल ठेवावेत. ‘पूर्व-मागणी’ म्हणून दुकानात कुणीही विचारत नाही.

सूर बदला, शब्द दिलेला बदलू नका

मोकळेपणा इथे संपतो. मुळात ‘अप टू ट्वेंटी पर्सेंट’ आहे. वरच्या शब्दशः भाषांतरात त्याचं ‘२० टक्के सूट’ झालंय, हे लक्षात आलं का? ‘-पर्यंत’ एवढाच तुकडा गळला, पण आता प्रत्येक ग्राहक पूर्ण २० टक्के मागणार आणि त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे. ‘भाषांतरात राहून गेलं’ हे स्पष्टीकरण ग्राहकाच्या काही कामाचं नसतं.

‘हँडमेड’चंही तसंच. ‘घरगुती’ हा शब्द पटकन सुचतो आणि गोडही वाटतो. पण फराळ घराऐवजी भाड्याच्या गाळ्यात होत असेल तर तो दावा खोटा ठरतो. तिथे ‘हाताने केलेलं’ एवढंच खरं. ‘लिमिटेड स्लॉट्स’ला ‘मर्यादित जागा’ म्हटलं की शिबिराची नोंदणी वाटते. ‘ऑर्डर मोजक्याच घेतो’ यात अर्थही येतो आणि जास्तीचं काही सांगितलंही जात नाही.

तयार पोस्ट

‘चकलीची भाजणी दळून आणायचीच राहिली?
राहू द्या. यंदा फराळाचं आमच्याकडे लागलं!
सगळं हाताने केलेलं, घरच्या चवीचं आणि थेट घरपोच.
आधी बुकिंग केलंत तर २० टक्क्यांपर्यंत सूट.
ऑर्डर मोजक्याच घेतो, तेव्हा लवकर कळवा.
दरवर्षी “यंदा सगळं घरीच करणार” म्हणणारं कुणी ओळखीचं आहे ना? त्यांना टॅग करा!’

टाकण्याआधी दोन तपासण्या

पहिली कानाची. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाला पोस्ट मोठ्याने वाचायला द्या. तो जिथे अडखळेल किंवा तेच वाक्य पुन्हा वाचेल, तिथे इंग्रजी वाक्यरचना शिल्लक आहे असं समजा.

दुसरी हिशोबाची. मूळ पोस्टमधल्या ठोस गोष्टींची यादी करा: किती सूट, कशावर, कुठपर्यंत, काय अट. ती यादी मराठी पोस्टशी ताडून पाहा. भाजणी मुळात नव्हती, ती आली तरी चालेल. ‘-पर्यंत’ मुळात होतं, ते मात्र गेलेलं चालणार नाही.