मैल आणि पंधराशे मीटर : १०९ मीटरचा हिशेब

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर रॉजर बॅनिस्टर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने एक मैलाचे अंतर ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत कापले. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा पहिला माणूस म्हणून त्याचे नाव जगभर झाले. त्या दिवशी दुसरीही एक वेळ टिपली गेली, तिची आठवण मात्र फार थोड्यांना असते. धावता धावता बॅनिस्टरने पंधराशे मीटरची खूण ओलांडली, तेव्हा घड्याळात ३ मिनिटे ४३.० सेकंद झाले होते. पंधराशे मीटरचा तेव्हाचा जागतिक विक्रम नेमका तेवढाच होता. तो स्वीडनच्या गुंडर हेग याने १९४४ मध्ये केला होता आणि जर्मनीच्या वेर्नर लुएगने १९५२ मध्ये त्याची बरोबरी केली होती. बॅनिस्टरची ही वेळ मात्र विक्रमांच्या अधिकृत यादीत नाही.

मग प्रश्न असा, की बॅनिस्टरचा मैल पंधराशे मीटरच्या भाषेत किती मोलाचा होता? तीन मिनिटे त्रेचाळीस सेकंदांचा, की त्याहून चांगला?

हा प्रश्न मुळात पडतो तो दोन मोजमापांमुळे. इंग्रजांचा मैल १७६० यार्डांचा. त्यांचे ट्रॅक ४४० यार्डांचे असत, म्हणून मैल म्हणजे बरोबर चार फेऱ्या. प्रत्येक फेरी एका मिनिटात, असा चार मिनिटांचा सुबक हिशेब त्यातूनच जन्मला. युरोपात मीटर रूढ होता आणि १८९६ च्या पहिल्या ऑलिंपिकपासून तिथे पंधराशे मीटरचीच शर्यत आहे. चारशे मीटरच्या ट्रॅकवर ती होते पावणेचार फेऱ्यांची. मैल भरतो १६०९.३४ मीटर. म्हणजे दोन्ही शर्यतींत फरक १०९ मीटर आणि थोडासा.

अंतराचा फरक किरकोळ असला तर काम सोपे असते. १९५८ मध्ये कार्डिफच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मिल्खासिंगने ४४० यार्डांची शर्यत ४६.६ सेकंदांत जिंकली. ४४० यार्ड हे चारशे मीटरपेक्षा सव्वादोन मीटरनेच जास्त. त्या वेगाला तेवढ्यासाठी पाव सेकंदाहून किंचित जास्त लागतो. म्हणून ०.३ सेकंद वजा करायचे आणि ४६.३ म्हणायचे, हा सर्वमान्य रिवाज होता.

मैलाचे तसे नाही. १०९ मीटर म्हणजे बॅनिस्टरसारख्याची सोळा-सतरा सेकंदांची धाव. आणि ठरावीक सेकंद वजा करून भागत नाही, कारण पाच मिनिटांत मैल धावणाऱ्याला त्याच तुकड्याला वीस सेकंद लागतात. म्हणून वजाबाकीऐवजी भागाकार करतात. नुसते अंतरांचे प्रमाण घेतले तर आकडा येतो १.०७३. पण एवढ्यावर थांबले तर आपण असे गृहीत धरतो, की मैल ज्या वेगाने धावला त्याच वेगाने तो माणूस पंधराशे मीटरही धावेल. धावपटू तसे करत नाही. शर्यत जिथे संपते तिथे शक्ती संपावी अशा बेताने तो ती खर्च करतो. मैलाच्या शर्यतीत पंधराशेच्या खुणेपाशी त्याच्या गाठीला अजून १०९ मीटरची शिल्लक असते, असावीच लागते. शर्यत पंधराशेचीच असती, तर ती शिल्लक त्याने आधीच खर्चून टाकली असती.

म्हणून अमेरिकेतल्या विद्यापीठीय धावण्याच्या जगात १.०८ हा गुणक रूढ झाला. मैलाची वेळ सेकंदांत मांडायची आणि १.०८ ने भागायची. बॅनिस्टरचे ३ मिनिटे ५९.४ सेकंद म्हणजे २३९.४ सेकंद. भागाकार येतो २२१.७, म्हणजे ३ मिनिटे ४१.७ सेकंद. खुणेपाशी टिपलेल्या वेळेपेक्षा हे १.३ सेकंदांनी सरस आहे. त्या वेगाला तेवढ्यात नऊएक मीटरचे अंतर पडते.

हा गुणक खरा कितपत? एकाच धावपटूने दोन्ही शर्यती वेगवेगळ्या दिवशी पूर्ण ताकदीने धावलेल्या असाव्यात आणि त्यांच्या वेळा ताडून बघाव्यात. हेगचा पंधराशेचा विक्रम ३ मिनिटे ४३.० सेकंदांचा, आणि १९४५ मधला मैलाचा विक्रम ४ मिनिटे १.४ सेकंदांचा. त्यांचे प्रमाण १.०८३ भरते. मोरोक्कोच्या हिशाम अल गरूजने १९९८ मध्ये पंधराशे मीटर ३ मिनिटे २६.०० सेकंदांत आणि १९९९ मध्ये मैल ३ मिनिटे ४३.१३ सेकंदांत कापला. त्याचे प्रमाण १.०८३. मध्ये अर्धे शतक उलटले, ट्रॅक आणि बूट बदलले, पण प्रमाण जवळजवळ जागचे हलले नाही.

हिशेब फसतो तो वेगळ्या ठिकाणी. बॅनिस्टरनंतर सहा आठवड्यांनी, २१ जून १९५४ रोजी, फिनलंडमधील तुर्कू येथे ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीने मैल ३ मिनिटे ५७.९ सेकंदांत पुरा केला. वाटेत पंधराशेची वेळ ३ मिनिटे ४१.८ सेकंद टिपली गेली आणि तीही जागतिक विक्रम म्हणून मान्य झाली. आता फक्त ही पंधराशेची वेळ हाती घेऊन तिला १.०८ ने गुणा. उत्तर येते ३ मिनिटे ५९.५ सेकंद. प्रत्यक्षात तो त्याहून दीड सेकंदाने लवकर पोहोचला होता. चूक गुणकाची नव्हे. वाटेत टिपलेली वेळ शर्यतीच्या शेवटाची समजून वापरली, ही चूक.

अशी वेळ ओळखायची कशी? शेवटचे १०९ मीटर किती सेकंदांत गेले ते बघावे. लँडीला लागले १६.१ सेकंद. त्याच्या सरासरी वेगापेक्षाही ही धाव जलद होती, म्हणजे पंधराशेपाशी त्याच्याजवळ ताकद शिल्लक होती. आता त्याच महिन्यातली, ४ जूनची, कॅलिफोर्नियातील कॉम्प्टनची शर्यत घ्या. अमेरिकेच्या वेस सँटीने पंधराशे मीटर ३ मिनिटे ४२.८ सेकंदांत ओलांडून विक्रम केला, पण मैलाला त्याला ४ मिनिटे ०.६ सेकंद लागले. उरलेल्या तुकड्याला १७.८ सेकंद गेले. पंधराशेलाच शर्यत संपल्यासारखी ही धाव दिसते, आणि त्याच्या वेळेला १.०८ ने गुणले तर उत्तरही बरोबर ४ मिनिटे ०.६ येते.

याच गुणकाने चार मिनिटांची ती प्रसिद्ध भिंतही मोजून बघू. पंधराशेच्या भाषेत ती ३ मिनिटे ४२.२ सेकंदांवर उभी राहते. आणि हेग १९४४ मध्येच ३ मिनिटे ४३.० सेकंदांवर पोहोचला होता, म्हणजे मैलाच्या हिशेबाने जवळपास ४ मिनिटे ०.८ सेकंदांवर. मीटरने मोजणाऱ्यांना तिथे भिंत दिसली नाही, कारण ३ मिनिटे ४२.२ हा कुणाच्या लक्षात राहील असा आकडाच नव्हे. चार मिनिटांचा दरारा होता, त्यात चार फेऱ्यांच्या सुबक हिशेबाचा वाटा मोठा होता.

विक्रमांच्या यादीत रूपांतरित वेळेला जागा नाही आणि ते योग्यच आहे. पण म्हणून हा भागाकार केवळ करमणुकीचा नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या पंधराशे मीटरच्या प्रवेशासाठी ३ मिनिटे ३३.५० सेकंद ही वेळ ठरवली होती, आणि तिच्याऐवजी मैलाची ३ मिनिटे ५०.४० सेकंद ही वेळही चालत होती. भागून बघा, प्रमाण १.०७९ येते. हा आकडा तिसऱ्या दशांश स्थानी एकाने इकडेतिकडे झाला, तर मैलाची अट सुमारे पाव सेकंदाने बदलते. या पातळीवर तेवढ्यात एखाद्याचे ऑलिंपिक हुकू शकते.