चौकटी कंसाची कुळकथा

मुंबईत फोर्टातल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे. त्याची सुरुवात १८२१ सालची. अशा दप्तरखान्यात मोडी कागद देवनागरीत उतरवणाऱ्याला फाटके, भिजलेले पत्र हाती आले की एक अगदी लहान खूण वापरावी लागते : चौकटी कंसात काही टिंबे, [...]. इथे अक्षरे होती, आता नाहीत, एवढेच ती सांगते.

ही खूण कागदावर यायच्या आधीपासून तिच्यामागची रीत आपल्याकडे होती. पोथ्यांची नक्कल करणारे लेखक मूळ पोथीत अक्षर लागले नाही, तर तेवढी जागा कोरी सोडत किंवा तिथे आडव्या रेघा मारत. ऐतिहासिक पत्रे छापली जाऊ लागली तेव्हा हीच रीत छापखान्यात गेली. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यानंतरच्या काळात छापील पत्रांमधली टिंबांची ओळ आणि ‘पुढे कागद फाटला आहे’ अशा धर्तीची टीप इतिहासाच्या वाचकांच्या ओळखीची झाली.

अडचण निराळीच होती. एका संपादकाचा कंस म्हणजे ‘हरवलेले’, तर दुसऱ्याचा ‘मी घातलेले’. इजिप्तमधले पपायरस वाचणाऱ्या युरोपीय अभ्यासकांपुढेही हाच घोळ होता. १९३१ साली लायडन येथील प्राच्यविद्या परिषदेत त्यांनी खुणा ठरवून घेतल्या. चौकटी कंसात टिंबे असली तर तितकी अक्षरे गेली. त्याच कंसात अक्षरे असली तर ती संपादकाने भरलेली. किती गेले हे कळत नसेल तर आडव्या रेघा. संक्षेप सोडवला तर गोल कंस. अक्षर अर्धवट दिसत असेल तर त्याखाली टिंब. हे शेवटचे टिंब देवनागरीत नुक्त्यासारखे दिसते, म्हणून शंकेच्या अक्षरापुढे गोल कंसात प्रश्नचिन्ह घालणे सोयीचे.

जवळपास त्याच सुमारास पुण्यात मुंबईचेच विष्णु सीताराम सुखटणकर महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करत होते. त्याआधी त्यांनी शिलालेख आणि ताम्रपट वाचले होते. १९३३ साली पुऱ्या झालेल्या आदिपर्वात, जो पाठ पुरेसा पक्का वाटला नाही त्याखाली त्यांनी नागमोडी रेघ दिली. संपादकाची शंका त्या रेघेने वाचकापर्यंत पोहोचवली.

आता या खुणांचा उपयोग एका नमुन्यावर पाहू. पेशवाईतल्या पत्राच्या शेवटी सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असे, आधी एकम आणि मग दशक. समजा, कागदाचा कोपरा गेला आहे आणि उरले आहे ते एवढेच : ‘सु॥ [...] सबैन मया व अलफ’. म्हणजे अकराशे सत्तर आणि वर काही. मोडीत शिरोरेघ आधी सलग ओढतात आणि शब्द तोडून लिहीत नाहीत. त्यामुळे हरवलेले शब्द मोजता येत नाहीत. शेजारच्या अखंड ओळींत तेवढ्या रुंदीत किती अक्षरे बसतात ते पाहून अंदाज करायचा. इथे तीन निघाली असे धरू.

तीन अक्षरांचे एकम पाच आहेत : इहिदे, इसन्ने, सलास, खमस, समान. इसन्ने घेतले तर साल १७७१-७२, आणि पत्रातले ‘श्रीमंत’ हे थोरले माधवराव असू शकतात. सलास घेतले तर १७७२-७३. त्याच वर्षी, नोव्हेंबरात, माधवराव वारले आणि नारायणराव गादीवर आले. खमस म्हणजे १७७४-७५. तोवर नारायणरावांचा खून झालेला आणि सवाई माधवराव तान्हे. संपादकाने ‘सलास’ लिहून कंस गाळला, तर पुढचा अभ्यासक त्या सालावर विसंबेल आणि पत्र भलत्याच माणसाच्या नावावर जाईल. पत्रात तिथी आणि वार शाबूत असतील, तर जंत्रीशी ताडून काही साले बाद करता येतात. तरीही निष्कर्ष टिपेत लिहावा, ओळीत नव्हे.

पाण्याचे नुकसान फाटण्याहून वेगळे, म्हणून खूणही वेगळी. फाटले तिथे कागदच नसतो. भिजले तिथे काजळी आणि डिंकाची जुनी शाई पसरते, पण खाली काही राहते. अवरक्त प्रकाशात काजळी काळीच दिसते, त्यामुळे डागाखालची अक्षरे कधी कधी लागतात. घडी घातलेल्या ओल्या पत्राची शाई समोरच्या भागावर उलटी उमटते. ती आरशात वाचून पाहावी. असे लागलेले अक्षर हरवलेले नसते, शंकेचे असते. त्याला प्रश्नचिन्ह पुरते.

‘बहुत काय लिहिणे’सारख्या ठरीव वाक्यातली दोन अक्षरे गेली तर ती कंसात भरायला हरकत नाही. नाव, रक्कम, गाव आणि साल मात्र भरू नये, कारण पत्राचे मोल त्यातच असते.

घरी आजोबा-पणजोबांची मोडी पत्रे असतील, तर ती उतरवताना गेलेल्या जागी कंस आणि टिंबे घाला, आपला तर्क समासात लिहा आणि मूळ कागद टाकू नका.