आयगेनमूल्ये, निश्चयक आणि व्यस्त आव्यूह

A या चौरस आव्यूहासाठी व एखाद्या शून्येतर सदिश v साठी Av = λv असेल, तर λ ला A चे आयगेनमूल्य म्हणतात. ही मूल्ये det(A − λI) = 0 या लाक्षणिक समीकरणाची मुळे असतात. संमिश्र मुळे धरून आणि पुनरावृत्त मूळ तितक्या वेळा मोजून, सर्व मुळांची बेरीज ट्रेसएवढी, म्हणजे मुख्य कर्णावरील घटकांच्या बेरजेएवढी येते. त्यांचा गुणाकार निश्चयकाएवढा असतो.

== उदाहरण ==
A च्या ओळी (४, १) आणि (२, ३) असल्यास ट्रेस ७ व निश्चयक १२ − २ = १० आहे. लाक्षणिक समीकरण λ² − ७λ + १० = ० असून मुळे ५ आणि २ आहेत.

== व्यस्त आव्यूहाचे अस्तित्व ==
गुणाकार शून्य होण्यासाठी एक तरी आयगेनमूल्य शून्य असावे लागते. म्हणून शून्य हे आयगेनमूल्य नसेल तरच व्यस्त आव्यूह अस्तित्वात असतो. (४, २) आणि (२, १) या ओळींच्या आव्यूहाची आयगेनमूल्ये ५ व ० आहेत. तो (१, −२) या स्तंभ सदिशाला शून्य सदिशावर नेतो. त्यामुळे मूळ सदिश परत मिळवता येत नाही.

== सामान्य चूक ==
आयगेनमूल्ये काढण्यापूर्वी ओळींवर क्रिया करून आव्यूह सोपा करू नये. वरील A मध्ये दुसऱ्या ओळीतून पहिलीची निम्मी पट वजा केल्यास ती (०, २.५) होते. निश्चयक १० च राहतो, परंतु आयगेनमूल्ये ४ आणि २.५ होतात. त्यांची बेरीज ६.५ आहे, ७ नव्हे. ट्रेस ताडून पाहिल्यास ही चूक लगेच उघड होते.