आम्लारी कोणाचा अरी? विज्ञानाच्या परिभाषेतील जातीचा प्रश्न

७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. विज्ञानाच्या मराठी परिभाषेबद्दल बोलताना ही घटना विसरून चालणार नाही, कारण १९६० साली महाराष्ट्र राज्य आणि भाषा संचालनालय स्थापन झाल्यानंतर परिभाषा कोशांचे जे काम झाले, त्यात नवा शब्द घडवण्याची मुख्य खाण संस्कृतच होती.

एकच धडा घेऊ, आम्ल आणि आम्लारी यांचा. 'आम्ल' मुलाला कळते. चिंच आंबट, अंबाडी आंबट, शब्दाचे मूळ जिभेवरच आहे. 'आम्लारी' मात्र आम्ल अधिक अरी, म्हणजे आम्लाचा शत्रू. ज्याच्या घरात संस्कृत आहे त्याला हा शब्द स्वतःच अर्थ सांगतो. बाकीच्यांना तो पाठच करावा लागतो. मग 'मराठी सोपी' हा दावा कोणासाठी खरा ठरतो?

म्हणून सरसकट इंग्रजी घ्यावे का? तेही नाही. 'बेस' म्हटले की मुलाला त्रिकोणाचा पाया किंवा गाण्यातला बेस आठवतो. आम्लाशी त्याचा संबंध लागत नाही.

आता त्याच धड्यातला तिसरा शब्द पाहा. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होते. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी वर्षानुवर्षे भरमसाट पाणी दिल्याने जमिनी क्षारपड झाल्या आहेत. पाणी वर चढते, उडून जाते आणि मागे पांढरा थर राहतो. तिथल्या शेतमजुराच्या मुलीला 'क्षार' समजवावा लागत नाही, तो तिने पायाखाली पाहिलेला असतो. इथे 'सॉल्ट' आणणे म्हणजे तिच्याजवळ असलेले ज्ञान काढून घेणे होय. (तिथे शिक्षकाने एवढेच सांगावे की क्षार म्हणजे फक्त मीठ नव्हे.) सांगलीची हळदही तशीच. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घाला, ते लाल होईल. लिंबू पिळत गेलात की पुन्हा पिवळे. हा प्रयोग आधी झाला, तर 'आम्लारी' हे नाव नंतर आले तरी अडत नाही.

मूलद्रव्यांचा न्याय वेगळा. 'प्राणवायू' शब्द गोड आहे, पण तो श्वासाशी बांधलेला. लोखंड गंजते, काडी पेटते, तिथेही तोच वायू असतो हे त्या नावातून सुचत नाही. शिवाय समीकरणात O₂ लिहायचे आणि तोंडाने प्राणवायू म्हणायचे, हा दुहेरी भार कशाला? १९६१ साली नेमलेल्या केंद्राच्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाचेही तत्त्व असेच आहे की मूलद्रव्यांची आंतरराष्ट्रीय नावे तशीच ठेवावीत. म्हणून ऑक्सिजन, हायड्रोजन म्हणा. पण लोखंड, तांबे, जस्त, पारा ही नावे बदलू नका. ती कोणत्याही कोशकाराने घडवलेली नाहीत; लोहार, तांबट, कासार यांच्या तोंडून ती आपल्यापर्यंत आली आहेत.