डायपरचं मोठं पाकीट खरंच स्वस्त पडतं का? एका नगाचा हिशोब असा करा

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागात राहणारी नातेवाईक मंडळी गावी येताना बाळासाठी डायपरचं मोठं पाकीट घेऊन येतात, नाहीतर "तिकडं स्वस्त मिळतं, पाठवून देऊ का?" असं फोनवर विचारतात. उपनगरांतल्या सुपरमार्केटमध्ये मोठ्या पाकिटावर चांगली सूट असते, ही गोष्ट खरी. पण तेच पाकीट मुंबईच्या घरात स्वस्त आणि गावच्या घरात महाग पडू शकतं. त्यामागचा हिशोब मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत होतो.

आधी एका नगाचा भाव काढा

पाकिटाची किंमत भागिले आतले नग, म्हणजे एका नगाचा भाव. किंमत धरायची ती प्रत्यक्ष खिशातून जाणारी. "४० टक्के सूट" हा आकडा बाजूला ठेवा, कारण सूट एमआरपीवर असते आणि प्रत्येक कंपनीची एमआरपी वेगळी असते. ऑनलाईन मागवलं तर घरपोच करण्याचा आकार त्यात मिळवा. "४ नग मोफत" लिहिलं असेल तर एकूण नगांत ते ४ आधीच धरलेत का, हे पाकिटावर वाचा.

पाकीटबंद मालावर एका नगाची किंमत छापण्याचा नियम वैधमापन कायद्याखालच्या नियमांत २०२१ च्या दुरुस्तीने आला. त्यामुळे एमआरपीजवळ बारीक अक्षरात "प्रति नग" किंमत दिसते. मात्र ती एमआरपीवरून काढलेली असते. दुकानदाराने सूट दिली तर भागाकार आपणच करायचा. जुन्या बिलावरचे भावही आता धरू नयेत. बाळाच्या डायपरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे.

एक हिशोब मांडून पाहू

खालचे भाव समजण्यापुरते धरलेले आहेत. आपल्याकडचे भाव घालून हाच हिशोब करावा. कंपनी एकच, साईज एस.

- गावचं दुकान, सुटा १ नग: ११ रुपये.
- मुलुंडचं मेडिकल, ४० नग ३८० रुपयांना: एक नग ९.५० रुपये.
- बोरिवलीचं सुपरमार्केट, ८६ नग ७३१ रुपयांना: एक नग ८.५० रुपये.
- ऑनलाईन दोन पाकिटांचा जोड, १७२ नग १,३७६ रुपयांना: एक नग ८ रुपये.

कागदावर जोडपाकीट सगळ्यात स्वस्त दिसतं. आता बाळाकडे बघा. बाळ साडेतीन महिन्यांचं, वजन ६ किलो ८०० ग्रॅम. एस साईज साधारण ४ ते ८ किलोपर्यंत चालते. या वयात बाळाचं वजन महिन्याला अर्धा किलो किंवा त्याहून जास्त वाढतं, म्हणजे ही साईज फार तर दोन महिने, ६० दिवस, पुरेल.

गावच्या घरात दिवसा लंगोट आणि फक्त रात्री किंवा बाहेर जाताना डायपर, असं असेल तर दिवसाला २ नग लागतात. ६० दिवसांत १२० नग संपतील आणि ५२ उरतील. १,३७६ रुपयांना प्रत्यक्षात वापरले १२० नग, म्हणजे एक नग पडला जवळजवळ ११.४७ रुपयांना. गावच्या दुकानातल्या सुट्या नगापेक्षाही महाग! ८६ नगांचं एकच पाकीट घेतलं असतं तर ते ४३ दिवसांत संपलं असतं आणि ८.५० हाच भाव खरा ठरला असता.

अंधेरीच्या घरात आई-वडील दोघं कामावर, बाळाला दिवसभर डायपर, रोज ५ नग. तिथं १७२ नग ३४-३५ दिवसांत संपतात. त्यांना ८ रुपयांचा भाव खरोखर मिळतो.

म्हणून पाकीट घेण्याआधी दुसरा भागाकार करा: एकूण नग भागिले रोजचे नग. जे दिवस येतील तेवढ्यात बाळ साईजबाहेर जाणार असेल तर लहान पाकीट घ्या. वजन अंगणवाडीत होतं, तो ताजा आकडा धरा. एखाद्या नातेवाइकाच्या घरी त्याच साईजचं बाळ असेल तर जोडपाकीट वाटून घेतलेलं बरं.

साईज वाढली की नग कमी होतात

पॅम्पर्स, मामीपोको, हगीज अशा कंपन्यांच्या पँट प्रकारात साधारणपणे एम ७ ते १२ किलो, एल ९ ते १४ किलो आणि एक्सएल १२ ते १७ किलोसाठी असते. नेमका आकडा पाकिटावर असतो. बऱ्याचदा वेगवेगळ्या साईजच्या पाकिटांची किंमत सारखीच किंवा जवळपास असते, आतले नग मात्र कमी होत जातात. वरच्याच ७३१ रुपयांत एसचे ८६ नग असतील आणि एमचे ७६, एलचे ६४ मिळत असतील, तर एक नग ८.५० वरून ९.६२ आणि मग ११.४२ रुपयांवर जातो. पाकीट तेवढंच मोठं दिसतं, म्हणून हे लक्षात येत नाही.

त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना करताना साईज एकच हवी. एकीचा एम आणि दुसरीचा एल ताडून उपयोग नाही. पँट आणि चिकटपट्टीचा प्रकारही आपसात ताडू नये.

पैसे वाचवायला लहान साईज ओढूनताणून चालवली तर उलट होतं. मांडीवर, कमरेवर लाल वळ उठतात आणि बाजूने गळतं. रात्री एसचे दोन नग गेले की १७ रुपये झाले, एमचा एकच नग ९.६२ मध्ये भागला असता. दोन्ही साईज बसण्यासारख्या असतील, म्हणजे वजन ७ ते ८ किलोच्या मध्ये असेल, आणि वळ किंवा गळती दिसत असेल, तर मोठी साईज घ्या.

कंपन्यांची तुलना रात्रीच्या हिशोबाने

८.५० रुपयांचा नग मध्यरात्री बदलावा लागत असेल तर रात्रीचा खर्च १७ रुपये. १२ रुपयांचा नग सकाळपर्यंत कोरडा राहत असेल तर तोच स्वस्त. हे कळायला प्रत्येक कंपनीचं सगळ्यात लहान पाकीट आणून चार-पाच रात्री वापरून बघा. त्यात पुरळ उठतं का, तेही कळतं. मात्र बाळाने शी केली असेल तर नग कितीही महाग असो, लगेच बदलावा. भिजलेला नग ताणून वापरला तर पुरळ उठतं आणि वाचलेले पैसे औषधाला जातात.

बिननावाच्या पिशवीचा भाव फसवा

बाजारात साध्या पारदर्शक पिशवीत ५० किंवा १०० नग भरून विकतात. एका नगाचा भाव निम्म्यावर दिसतो. पण पाकीटबंद मालावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, नगांची संख्या, महिना-वर्ष आणि एमआरपी असलीच पाहिजे. ती नसेल तर नग खराब निघाल्यावर दाद कुठे मागायची? घ्यायचंच असेल तर आधी नग मोजा आणि चिकटपट्टी, कमरेचं इलॅस्टिक आणि मधला भाग नीट आहे का ते बघा. शंभरातले वीस नग टाकून द्यावे लागले, तर भागाकार ८० ने करायचा.

मुंबईहून कुणी येणार असेल तर फोनवर तीन गोष्टी सांगा: बाळाचं आजचं वजन, रोज लागणारे नग आणि गावच्या दुकानातला एका नगाचा भाव. तिकडच्या दुकानात उभं राहूनच त्यांना कळेल, कोणतं पाकीट उचलायचं ते.