न दिसलेल्या शब्दांचा हिशोब : कीबोर्डला ‘करायलास’ कुणी शिकवलं?

आजचा भाग बसमध्ये ऐकत असाल तर एक काम करा. फोनचा मराठी कीबोर्ड उघडा, ‘काय’ लिहा आणि वर कोणते तीन शब्द येतात ते बघा.

नांदेडकडं आपण विचारतो ‘काय करायलास?’ लातूरकडं तेच होतं ‘काय करूलालास?’ आणि कीबोर्ड बहुतेक वेळा पुढं करतो ‘काय करतोयस’ किंवा ‘काय झालं’. आपला शब्द पूर्ण टाईप केला तरी कधी कधी खाली लाल रेघ येते. कीबोर्डाला आपली बोली आवडत नाही असं काही नसतं. त्यानं ज्या मजकुरावर मोजणी केली, त्यात ही जोडी आलेलीच नव्हती. मग एक साधा प्रश्न उरतो: जे कधी दिसलंच नाही, त्याची शक्यता किती धरायची? या प्रश्नानं दोन पिढ्यांचं डोकं खाल्लंय. आजची गोष्ट त्याचीच.

सुरुवात रशियात, १९१३ साली. आंद्रेई मार्कोव्ह नावाच्या गणितज्ञानं पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या काव्यातली पहिली २०,००० अक्षरं घेतली आणि हातानं मोजली. स्वर कुठला, व्यंजन कुठलं, आणि एकामागं दुसरं किती वेळा येतं. स्वरानंतर लगेच स्वर १०० पैकी साधारण १३ वेळाच आला, व्यंजनानंतर मात्र साधारण ६६ वेळा. म्हणजे आधीचं अक्षर माहीत असेल तर पुढच्याचा अंदाज बांधता येतो. १९४८ मध्ये अमेरिकेत क्लॉड शॅनननं हीच कल्पना शब्दांवर लावून दाखवली. मागचा एक शब्द बघून पुढचा सांगायचा असेल तर दोन-दोन शब्दांच्या जोड्या मोजायच्या, मागचे दोन बघायचे असतील तर तीन-तीनचे गट. या गटांना एन-ग्रॅम म्हणतात. ‘एन’ म्हणजे गटात किती शब्द, एवढंच.

ऐकायला सोपं आहे. अडचण मोजायला बसल्यावर कळते.

समजा, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘काय’ हा शब्द २० वेळा आला. त्यानंतर ‘करायलास’ ६ वेळा, ‘झालं’ ५ वेळा, ‘म्हणतोस’ ३ वेळा, ‘चाललंय’ २ वेळा. आणि ‘सांगू’, ‘खाल्लं’, ‘आणू’, ‘बघायलास’ हे चार प्रत्येकी एकदाच. झाले २०. आता लातूरची मावशी ग्रुपमध्ये येते आणि लिहिते, ‘काय करूलालास?’ आपल्या वहीत या जोडीपुढं शून्य. वाक्याची शक्यता काढताना जोड्यांच्या शक्यतांचा गुणाकार होतो, त्यामुळं एक शून्य आलं की अख्खं वाक्य शून्य. मशीनच्या लेखी मावशी जे बोलली ते अशक्य आहे. मावशी तर रोज बोलते.

असं क्वचितच होत असेल असं वाटतं ना? १९७० च्या दशकात आयबीएममध्ये बोलणं ऐकून टाईप करणाऱ्या यंत्रावर काम चालू होतं. त्यांनी पेटंटच्या मजकुरातले १५ लाख शब्द घेऊन तीन-तीनचे गट मोजले. शब्दसंग्रह फक्त १,००० शब्दांचा. तरी त्याच प्रकारचा नवा मजकूर तपासल्यावर त्यातले २३ टक्के गट आधी कधीच न आलेले निघाले. मराठीत तर हा त्रास आणखी वाढतो. लातूर, लातूरला, लातूरहून, लातूरच्या, लातूरकर : माणसाला हे एकच गाव, मोजणाऱ्या यंत्राला पाच वेगळे शब्द. ‘लातूरहून आलो’ शिकलेल्याला ‘नांदेडहून आलो’ आपोआप येत नाही.

पहिला उपाय कुणालाही सुचेल असा, आणि तो फार जुना आहे. फ्रेंच गणितज्ञ लाप्लासनं सूर्य उद्या उगवेल का या प्रश्नासाठी अशीच युक्ती वापरली होती : प्रत्येक मोजणीत एक मिळवा. शून्याचं एक होईल, कुणीच उपाशी राहणार नाही. पण आपल्या २० जोड्यांवर करून बघा. शब्दसंग्रह १०,००० शब्दांचा धरा. प्रत्येकाला एक दिला तर एकूण होतं १०,०२०. ‘करायलास’ची शक्यता २० पैकी ६, म्हणजे ३० टक्के होती. ती आता १०,०२० पैकी ७, म्हणजे एक टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. आणि कधीच न आलेल्या शब्दांकडं गेले ९९ टक्क्यांहून जास्त. लग्नात आलेल्या पाहुण्यांना वाढायचं सोडून न आलेल्यांची ताटं भरून ठेवावीत, तसं झालं.

मग न आलेल्यांसाठी नेमकं किती राखायचं?

याचं उत्तर दुसऱ्या महायुद्धात सापडलं, इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कमध्ये. ॲलन ट्युरिंग आणि त्याचा सहकारी आय. जे. गुड जर्मन नौदलाचे एनिग्मा संदेश फोडायच्या कामावर होते. जर्मन ऑपरेटर एका पुस्तकातून तीन अक्षरांचे गट निवडायचे. काही गट पुन्हा पुन्हा दिसायचे, काही एकदाच, आणि बरेच अजून दिसलेच नव्हते. पुढचा गट अगदी नवा निघण्याची शक्यता किती, हे त्यांना हवं होतं. ट्युरिंगनं मार्ग काढला, आणि गुडनं १९५३ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात ट्युरिंगचं श्रेय सांगून तो सविस्तर मांडला.

कल्पना इतकी साधी आहे की आधी विश्वास बसत नाही. फक्त एकदाच आलेले किती, ते बघा. आपल्या वहीतून २० पैकी कुठलीही एक जोडी डोळे मिटून उचला आणि उरलेल्या १९ मध्ये शोधा. ‘झालं’ उचललं तर बाकी चार ‘झालं’ तिथं आहेतच. पण ‘आणू’ उचललं तर उरलेल्या १९ ला तो शब्द अगदी नवा. असे शब्द आपल्याकडं चार. म्हणजे २० पैकी ४ वेळा ‘नवा शब्द’ भेटतो. म्हणून एकविसाव्या वेळीही नवा शब्द येण्याची शक्यता साधारण पाचातली एक धरायची. मावशीसाठी २० टक्के जागा राखली, आणि तीही अंदाजपंचे नाही, वहीतूनच काढलेली.

ही जागा जुन्यांच्या वाट्यातून कापावी लागते. त्याचंही सूत्र गुडनं दिलंय : एकदा आलेल्याची सुधारित मोजणी म्हणजे २ गुणिले ‘दोनदा आलेले किती’ भागिले ‘एकदा आलेले किती’. आपल्याकडं दोनदा आलेला एकच, एकदा आलेले चार. म्हणून २ भागिले ४, म्हणजे अर्धा. ‘आणू’ एकदा दिसला खरा, पण त्याचं वजन अर्धंच धरायचं. इथवर छान. आता तेच सूत्र ‘चाललंय’ला लावा : ३ गुणिले १ भागिले १. दोनाचे तीन झाले! कापायचं सोडून वाढलं. ‘म्हणतोस’ला लावा : चारदा आलेला शब्दच नाही, म्हणून ४ गुणिले शून्य. तीनदा दिसलेल्या शब्दाचं शून्य. छोट्या वहीवर हे सूत्र असं झिंगतं. म्हणून खऱ्या कामात ही मोजणी लाखो जोड्यांवर एकत्र करतात, आणि तिथंही खाचखळगे आधी सपाट करून घेतात. ‘स्मूदिंग’ या नावातला गुळगुळीतपणा असा कामाला येतो.

१९८७ मध्ये आयबीएमच्या स्लावा काट्झनं यात दोन व्यवहारी गोष्टी घातल्या. एक, पाचपेक्षा जास्त वेळा आलेल्या गटांना हात लावायचा नाही, त्यांची मोजणी खरी माना. दुसरी जास्त महत्त्वाची : राखलेली जागा सगळ्या नव्यांना सारखी वाटायची नाही. ‘काय’नंतर ‘करूलालास’ दिसला नसेल, तर मागचा शब्द विसरा आणि नुसता ‘करूलालास’ एरवी किती वेळा आला ते बघा. जास्त आला असेल तर त्याला जास्त वाटा. गट सापडला नाही की एक पायरी खाली उतरायचं. याला बॅक-ऑफ म्हणतात.

यातही एक खोट निघाली, आणि ती समजायला नांदेडच बरं. नांदेडच्या बातम्या मोजल्या तर ‘साहिब’ हा शब्द भरपूर येणार, कारण हजूर साहिब. मग ‘काय’नंतर नवा शब्द शोधताना काट्झची पद्धत म्हणेल, ‘साहिब’ खूप येतो, त्याला मोठा वाटा द्या. ‘काय साहिब’? कोण बोलतं असं! तो शब्द येतो खूप, पण ‘हजूर’, ‘ग्रंथ’ अशा ठरावीक सोबत्यांच्याच मागं. १९९५ मध्ये राइनहार्ड क्नेझर आणि हेर्मान नाय यांनी यावर मोजणीच बदलली. शब्द किती वेळा आला ते सोडा, किती वेगवेगळ्या शब्दांच्या मागं आला ते मोजा. ‘साहिब’चे सोबती हाताच्या बोटांवर, ‘आहे’चे हजारो. नव्या जागी बसायचा हक्क ‘आहे’ला जास्त. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात शहाणी युक्ती हीच.

कीबोर्डवर हे उशिरा आलं. जुन्या नोकियावरचं टी-नाईन आठवतंय? तिथं ४६६३ दाबलं की ‘गुड’, ‘होम’, ‘गॉन’ असे इंग्रजी शब्द निघायचे. त्यातला नेहमीचा आधी यायचा, मागचा शब्द काय होता याच्याशी त्याला घेणं नव्हतं. मागचे शब्द बघून पुढचा सुचवणारे कीबोर्ड २०१० च्या आसपास स्मार्टफोनवर रुजले. आणि फोनमध्ये जागा कमी. गूगलच्या लोकांनी २०१८ मध्ये त्यांच्या इंग्रजी कीबोर्डच्या एन-ग्रॅम मॉडेलचं माप सांगितलं होतं : जास्तीत जास्त पाच शब्दांचे गट, एकूण साडेबारा लाख, आणि त्यात काट्झचीच स्मूदिंग.

आपण ‘करायलास’ चार-पाचदा हट्टानं टाईप केला की तो वर दिसायला लागतो, कारण फोन तुमची वेगळी वहीही ठेवतो. तिथं शून्याचा एक तुम्हीच करता.

पण एक गोष्ट स्मूदिंगनं कधीच सुटली नाही. ‘ती काल लातूरहून बसनं’ एवढं लिहा. पुढं ‘आली’ हवं. तीन-तीन शब्द बघणाऱ्या मॉडेलला मागचं फक्त ‘लातूरहून बसनं’ दिसतं, ‘ती’ केव्हाच खिडकीबाहेर गेलेली. मग मोजणीत जे जास्त असेल ते ‘आला’ पुढं येतं, आणि आपण अंगठ्यानं ते खोडून ‘आली’ करतो.